फोटोच्या तळाचा शिक्का कापायचा, पण फोटो न बिघडवता

भाद्रपद जवळ आला की मंडळाच्या स्मरणिकेची पानं लावायचं काम माझ्याकडे येतं. दांडिया बाजार, रावपुरा, सुरसागरच्या आसपासची घरं, सगळीकडून फोटो येतात आणि त्यातल्या बऱ्याच फोटोंच्या तळाशी लोकेशन कॅमेऱ्याचा काळपट पट्टा असतो: छोटासा नकाशा, `Vadodara, Gujarat, India`, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ. पाठवणारे म्हणतात, "तेवढं खालचं कापून टाका ना, ताई." काही जण स्वतःच कापून पाठवतात, आणि तेच फोटो मला जास्त छळतात. तळाशी करड्या रंगाची केसाएवढी रेघ उरलेली असते, गुडघ्यावर माणूस तोडलेला असतो, आणि फोटो इतका लहान झालेला असतो की पानावर ताणला की फुटतो.

हे तिन्ही दोष टाळायची रीत एकाच फोटोवर दाखवते. आरतीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या एका मावशींचा उभा फोटो आहे. रुंदी ३००० पिक्सेल, उंची ४०००. तळाशी पूर्ण रुंदीचा लोकेशनचा शिक्का.

थांबा: शिक्का कोणाचा आहे ते आधी बघा. आपल्याच फोनने, आपल्याच अ‍ॅपने उमटवलेला असेल तर खुशाल कापा. फोटोग्राफरने नमुना म्हणून पाठवलेल्या फोटोवर त्याचं नाव असेल तर त्याच्याकडून स्वच्छ फाइल विकत घ्या. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेल्या कलम ६५बी नुसार मालकी सांगणारी माहिती परवानगीविना जाणूनबुजून काढणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पुढचं सगळं फक्त आपल्या फोटोंसाठी.

## १. मूळ फाइल हातात घ्या

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते आणि फोटो नव्याने दाबला जातो. अशा फोटोतून निम्मा भाग कापला तर छापायला उरतं काय? म्हणून फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. त्या वाटेने फाइल जशीच्या तशी येते.

मागतानाच एक प्रश्न विचारा: "शिक्का नसलेला फोटो फोनमध्ये आहे का?" काही लोकेशन अ‍ॅपमध्ये मूळ फोटोही वेगळा साठवायची सोय असते आणि ती चालू असल्याचं मालकाला ठाऊकही नसतं. दोन मिनिटं गॅलरी चाळली की कधीकधी पुढचं सगळं कामच वाचतं.

स्क्रीनशॉट घेऊन कापू नका. स्क्रीनशॉटची लांबी-रुंदी फोनच्या पडद्याएवढी, फोटोएवढी नाही. गॅलरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून ही चूक पानावर जाईपर्यंत कळत नाही.

मूळ फाइलची प्रत करा, प्रतीला वेगळं नाव द्या आणि मूळ फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवून द्या. कापलेला तुकडा फाइलमध्ये परत येत नाही.

तपासा: फाइलची माहिती उघडून पिक्सेल बघा. आमच्या उदाहरणात ३००० × ४००० यायला हवेत. १२०० × १६०० दिसले तर व्हॉट्सअ‍ॅपने हात मारलेला आहे, परत मागवा.

## २. शिक्का खरोखर कुठपर्यंत पोचलाय ते मोजा

शिक्क्याची वरची कड डोळ्याला जिथे दिसते तिथे बहुतेक जण कापतात आणि तिथेच फसतात. डाग त्या कडेच्या थोडा वरपर्यंत गेलेला असतो.

याचं कारण जेपीईजीच्या रचनेत आहे. ही फाइल प्रत्येक पिक्सेल सुटा साठवत नाही. चित्राचे लहान चौकोन पाडते आणि एकेक चौकोन एकत्रितपणे दाबते. उजेड-अंधाराची माहिती ८ × ८ पिक्सेलच्या चौकोनात असते. रंगाची माहिती फोनच्या फोटोंत बहुधा निम्मी केलेली असते, त्यामुळे रंगाचा एक चौकोन चित्रातल्या १६ × १६ पिक्सेलवर पसरतो. एखाद्या चौकोनाच्या खालच्या भागात काळा पट्टा आणि पांढरी अक्षरं आली की दाबताना त्यांचा परिणाम अख्ख्या चौकोनात उतरतो: वरच्या स्वच्छ भागात बारीक तरंग उठतात, रंगाचा फिकट ओघळ दिसतो. पट्टा कापला तरी तो अर्धा चौकोन तळाशी राहतो. केसाएवढी करडी रेघ म्हणतात ती हीच.

ही रचना चौकोनी आहे याचा आपल्याला फायदाच होतो. डाग शिक्क्याच्या चौकोनात अडकलेला असतो, त्याच्या वरच्या चौकोनात जवळपास शिरत नाही. तेव्हा शिक्क्याच्या कडेवर न कापता ती कड ज्या चौकोनात आहे त्याच्या माथ्यावर कापायचं.

फोटो जिम्प नावाच्या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, २०० टक्क्यांवर मोठा करा आणि शिक्क्याच्या वरच्या कडेवर माउस न्या. खालच्या पट्टीत आकडे दिसतात. आमच्या फोटोत कड वरून ३४१८ पिक्सेलवर होती. ३४१८ ला १६ ने भागलं तर २१३ पूर्ण येतात आणि थोडं उरतं. २१३ गुणिले १६ म्हणजे ३४०८. हा डागाळलेल्या चौकोनाचा माथा. रंग मोकळे करताना शेजारच्या चौकोनाला एखाद्या पिक्सेलची झळ लागते, म्हणून मी आणखी एक चौकोन सोडते: ३३९२. याच्या वर चित्र स्वच्छ.

शिक्क्याच्या पट्ट्याला मऊ सावली असेल तर सावली जिथे सुरू होते तिथून मोजा. सावली दिसत नसेल तर पुढे सहाव्या टप्प्यात सांगितलेली युक्ती इथेच वापरा.

थांबा: हा हिशेब अ‍ॅपने थेट साठवलेल्या फाइलसाठी आहे. शिक्का उमटल्यावर फोटो व्हॉट्सअ‍ॅपमधून फिरून लहान झाला असेल तर जुन्या चौकोनांची जाळी मोडलेली असते आणि डाग पसरलेला असतो. अशा फोटोत आकड्यांवर विसंबू नका, निदान दोन चौकोन जास्त सोडा आणि डोळ्यांनी खात्री करा.

## ३. माणूस कुठे तुटतोय ते बघा

आता ३३९२ वर कापायचं, असं वाटेल. नाही. ती 'याच्या खाली जायचं नाही' अशी मर्यादा झाली. प्रत्यक्ष रेघ चित्र पाहून ठरवायची.

मावशींचे पाय शिक्क्याखाली गेले होते आणि ३३९२ ची रेघ गुडघ्याच्या जरा खाली येत होती. सांध्यावर किंवा सांध्याजवळ कापलेला माणूस चौकटीबाहेर सांडल्यासारखा दिसतो. गुडघा, घोटा, मनगट, बोटांची टोकं, इथे रेघ नको. मांडीच्या मध्यावर, कमरेच्या वर किंवा छातीशी कापलं तर फोटो मुद्दाम तसा काढल्यासारखा वाटतो. नऊवारीतल्या बाईचा गुडघा दिसत नाही, म्हणून काय झालं, असं मला एकांनी विचारलं होतं. साडीच्या घडीचा मोड तिथेच असतो, डोळा तो ओळखतो.

मी रेघ २९६० वर नेली, मांडीच्या मध्यावर. ताटाचा काठ आणि ताटाखालचा हात दोन्ही तिच्या बरेच वर राहिले.

तळ एवढा गेला की डोक्यावरची मोकळी जागा फार वाटू लागते. मावशींच्या डोक्यावर सातशेएक पिक्सेल मांडवाचं कापड आणि तोरण होतं. पूर्ण फोटोत ते शोभत होतं, कापलेल्या फोटोत त्याने मावशींना खाली दाबलं असतं. म्हणून वरूनही २४० पिक्सेल काढले. बरेच जण खालची बाजू कापून थांबतात आणि फोटो खाली सरकल्यासारखा का दिसतो ते त्यांना कळत नाही.

तपासा: कापायच्या रेघेवर कागदाची पट्टी धरल्यासारखा पडद्याचा खालचा भाग हाताने झाका आणि चार हात लांबून बघा. काहीतरी तुटल्यासारखं वाटत असेल तर रेघ अजून वर न्या.

शिक्का चेहऱ्यावर, हातावर किंवा ताटावर आलेला असेल तर तो फोटो कापून सुधारणार नाही. दुसरा फोटो मागवा.

## ४. प्रमाण धरून चारही आकडे ठरवा

स्मरणिकेतली जागा ३ × ४ इंचांची होती. रुंदी-उंचीचं प्रमाण ३ ला ४. हे आत्ताच धरलं नाही तर पान लावणारा पुन्हा कापतो, आणि दुसऱ्या कापात मावशींचं ताट जातं.

उंची: २९६० मधून २४० वजा, २७२० उरले. रुंदी: २७२० चे तीन-चतुर्थांश, म्हणजे २०४०. मावशी डावीकडून १४८० पिक्सेलवर उभ्या होत्या, त्या मध्यावर याव्यात तर डावी कड १४८० मधून १०२० वजा करून ४६० वर येते.

यातल्या दोनच आकड्यांना १६ च्या पटीत बसायचं बंधन आहे: डावी कड आणि वरची कड. नवी चौकोनांची जाळी तिथून सुरू होते. उजवी आणि खालची कड कुठेही चालते. २४० हे १६ गुणिले १५, बसलं. ४६० बसत नाही, तेव्हा ४४८ किंवा ४६४. ताट उजवीकडे होतं, म्हणून तिकडे जरा जास्त जागा मिळावी यासाठी मी ४६४ घेतले.

आता उरलेलं पुरतं का? छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात. ३ × ४ इंचांना ९०० × १२०० लागतात, आपल्याकडे २०४० × २७२० आहेत. क्षेत्रफळाने निम्म्याहून जास्त फोटो गेला, तरीही हा तुकडा पावणेसात इंच रुंद छापता येईल. हाच हिशेब १२०० × १६०० च्या व्हॉट्सअ‍ॅप प्रतीवर केला तर रुंदीला ८१६ पिक्सेल उरतात आणि तीन इंचालाही कमी पडतात.

## ५. एकदाच कापा

कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये जेपीईजी उघडून कापून पुन्हा साठवली की ती सगळी नव्याने दाबली जाते. एकदा झालं तर चालतं. पण 'जरा अजून वर', 'जरा डावीकडे' असं करत चार वेळा साठवली की आकाश आणि साड्यांच्या सपाट रंगांत पायऱ्या दिसू लागतात. `jpegtran` नावाचं छोटं साधन चौकोन न उलगडता कापतं. उरलेल्या चौकोनांत काहीच बदलत नाही.

आधी फाइलची जाळी विचारून घ्या. यासाठी इमेजमॅजिक हे सॉफ्टवेअर लागतं, आणि आज्ञा कमांड लाइनच्या काळ्या खिडकीत टाइप करायची असते.

```
identify -format "%wx%h %[jpeg:sampling-factor]" aarti.jpg
```

उत्तर `3000x4000 2x2,1x1,1x1` असं आलं. सुरुवातीचे `2x2` म्हणजे चौकोन १६ चे. तिथे `1x1` आलं तर ८ चे, आणि मग आधीचा सगळा हिशेब ८ ने करता येतो.

थांबा: फोटो उभा दिसतोय पण उत्तर `4000x3000` आलं, तर फोटो आडवाच साठवलेला आहे आणि 'फिरवून दाखवा' एवढी फक्त चिठ्ठी त्याला जोडलेली आहे. `jpegtran` ती चिठ्ठी वाचत नाही. तुमचे आकडे भलत्याच बाजूला लागतील. अशी फाइल खाली सांगितलेल्या जिम्पच्या रीतीने कापा.

आता काप. आकडे या क्रमाने: रुंदी, उंची, डावीकडून अंतर, वरून अंतर.

```
jpegtran -copy all -crop 2040x2720+464+240 -outfile aarti-kap.jpg aarti.jpg
```

डावा किंवा वरचा आकडा पटीत नसेल तर साधन तक्रार करत नाही, गुपचूप कड डावीकडे किंवा वर सरकवतं आणि फोटो मागितला त्यापेक्षा थोडा मोठा निघतो. म्हणून निघालेल्या फाइलवर पुन्हा `identify` चालवा. २०४० × २७२० च आले पाहिजेत.

काळ्या खिडकीत टाइप करणं नको वाटत असेल तर इरफानव्ह्यू या फोटो बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लगिन टाकून असाच बिनानुकसान काप मिळतो. जिम्पमध्ये करायचं तर Shift+C दाबून क्रॉपचं साधन घ्या, `Fixed` वर खूण करून `Aspect ratio` मध्ये 3:4 लिहा, Position आणि Size मध्ये तेच आकडे भरा, एंटर दाबा आणि ९५ च्या गुणवत्तेवर एकदाच एक्स्पोर्ट करा. पुढे बदल होतील असं वाटलं तर जिम्पची स्वतःची एक्ससीएफ फाइलही ठेवा, म्हणजे जेपीईजी पुन्हा उघडावी लागणार नाही.

## ६. कडा तपासा

पूर्ण फोटो पडद्यात बसवून बघितला तर कडेची रेघ दिसत नाही, कारण तेव्हा पडद्याचा एक ठिपका फोटोचे तीन-चार पिक्सेल मिसळून दाखवतो. छापल्यावर मात्र दिसते. २०० टक्क्यांवर जा आणि खालची कड डावीकडून उजवीकडे सावकाश सरकवत बघा. मग बाकीच्या तीन.

शंका राहिलीच तर ही युक्ती. जिम्पमध्ये Levels उघडा आणि काळा व पांढरा बाण एकमेकांजवळ आणा. चित्र भडक, भयानक दिसेल. त्या भडकपणात शिक्क्याची उरलेली सावली किंवा तरंग पट्ट्यासारखे उठून येतात. नुसता साडीचा पोत आणि मांडवाच्या घड्या दिसल्या तर काप स्वच्छ आहे. मग Cancel दाबा. हे साठवायचं नाही, गेल्या वर्षी मी घाईत साठवलं होतं आणि मूळ प्रत होती म्हणून निभावलं.

धार वाढवायची, म्हणजे शार्पन करायचं, ते कापल्यानंतरच. शिक्का असताना शार्पन केलं तर त्याच्या कडेबाहेर पांढरी झालर तयार होते, ती दुसऱ्या टप्प्यातल्या हिशेबात बसत नाही आणि कापल्यावर तळाशी उजळ रेघ राहते.

## ७. स्कॅन केलेल्या फोटोच्या कडा

जुन्या अल्बममधल्या फोटोंना शिक्का नसतो, कडा असतात: पिवळी पडलेली पांढरी किनार, काचेच्या बाजूची काळी सावली, फाटका कोपरा. इथे क्रम उलटू नका: आधी सरळ, मग काप. आधी कापून मग फिरवलं तर चारही कोपऱ्यांत रिकामे त्रिकोण येतात आणि ते घालवायला पुन्हा कापावं लागतं.

एक अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं. ४ × ६ चा आडवा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला तर लांबी ३६०० पिक्सेल येते, आणि एका अंशाच्या तिरकेपणात एक टोक दुसऱ्यापेक्षा ६३ पिक्सेल खाली जातं. कागदावर हे अडीच मिलिमीटरहून जास्त आहे, आणि कडेला उभ्या आजोबांचा खांदा तेवढ्यात जातो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये फिरवण्याआधी फोटो उचला, काचेच्या कडेपासून बोटभर आत सरळ ठेवा आणि पुन्हा स्कॅन करा. तरीही उरलेला तिरकेपणा कागदाच्या कडेवरून मोजू नका. जुन्या प्रिंटमध्ये चित्र कागदावरच वाकडं छापलेलं असू शकतं. दाराची चौकट, खांब, भिंतीची कड, यावरून मोजा.

पांढरी किनार कापताना चित्राच्या आत चार-पाच पिक्सेल जा, कारण किनार आणि चित्र यांच्यामध्ये दोन्ही रंग मिसळलेली रेघ असते. किनारीवर स्टुडिओचं नाव किंवा हाताने लिहिलेली तारीख असेल तर ती किनारीसकटची प्रत वेगळी ठेवा. स्मरणिकेला ती नको असते, घराला हवी असते.

## ८. पाठवण्याआधी

फोल्डरमध्ये लहान चित्रात अजून जुना पट्टाच दिसतो आणि उघडलं की नसतो, असं झालं तर घाबरू नका. `-copy all` ने फोटोसोबतची माहितीही उचलली जाते आणि त्यात जुना छोटा नमुना असतो. त्याच माहितीत अक्षांश-रेखांशही असू शकतात. घराचा पत्ता लपवण्यासाठी कोणी शिक्का कापायला सांगितला असेल तर नुसता काप पुरत नाही. तेव्हा आज्ञेत `-copy all` च्या जागी `-copy icc` लिहा: रंगाची नोंद राहते, बाकीची माहिती जाते. `-copy none` लिहिलं तर रंगाची नोंदही जाते आणि काही फोनचे फोटो फिके दिसू लागतात.

आणि छापखान्याकडे फाइल जाईल ती पुन्हा डॉक्युमेंट म्हणूनच.